छायाचित्रात वाफ, धूर व ज्योतीची प्रभा भरणे

खाद्यपदार्थाच्या किंवा समईच्या छायाचित्रात वाफ, धूर अथवा उजेडाचे वलय नंतर संगणकावर मिसळण्याची संपादनक्रिया. पदार्थ मांडून प्रकाशयोजना होईपर्यंत तो निवतो, म्हणून वाफेचे छायाचित्र बहुधा वेगळे घेतात. काळ्या कापडासमोर उकळते पाणी ठेवून दिवा मागून किंवा बाजूने लावतात. वाफेतले सूक्ष्म थेंब प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेने विखुरतात. त्यामुळे समोरून प्रकाश टाकला तर वाफ जेमतेमच दिसते.

हे चित्र फोटोशॉप किंवा गिंपमध्ये मूळ चित्रावर थर म्हणून ठेवून त्याची मिश्रणपद्धत Screen करतात. काळ्याची उजळता 0 व पांढऱ्याची 1 धरून, मूळ चित्राची उजळता a आणि वाफेची b असेल, तर मिश्रणाची उजळता अशी:

```
1 - (1-a)*(1-b)
```

b शून्य असेल तर a तसाच राहतो, म्हणजे काळे कापड नाहीसे होते. वाफ 0.3 धरली, तर 0.1 उजळतेची गडद भिंत 0.37 होते, पण 0.9 उजळतेचा पांढरा टेबलक्लॉथ जेमतेम 0.93 होतो. पांढऱ्या पार्श्वभूमीवर वाफ दिसत नाही ती यामुळेच. तिथे थराची अपारदर्शकता वाढवून फारसे काही साधत नाही.

केळीच्या पानावरच्या उकडीच्या मोदकांचे उदाहरण घेऊ. उजेड मागच्या डावीकडच्या खिडकीतून येतो आणि मागची भिंत गडद आहे. वाफेच्या चित्रातही दिवा डावीकडेच हवा. कापड पूर्ण काळे नसेल, तर मोदकांभोवती फिकट चौकोन उमटतो. तो नुसत्या डोळ्यांना चटकन दिसत नाही, चित्र तात्पुरते खूप उजळले की कळतो. Levels मधील काळा बिंदू थोडा वर सरकवल्यास तो जातो. मग मास्कवर मऊ ब्रशने वाफ मोदकांच्या कळ्यांपासून वर निघेल अशी राखतात, पानाच्या कडेची पुसतात. मोदकावरचे तूप थिजलेले असेल, तर मात्र ही सगळी मेहनत वाया जाते: थिजलेले तूप आणि वाफ एकत्र पाहून स्वयंपाकघरात वावरणारा माणूस लगेच ओळखतो.

धुरासाठीही हीच पद्धत वापरतात. गडद पार्श्वभूमीवर ताजा, विरळ धूर किंचित निळसर दिसतो, म्हणून त्याला तसा हलका रंग देतात.

समईच्या बाबतीत काम उलट्या बाजूने सुरू होते. ज्योत आधीच चित्रात असते, पण कॅमेऱ्यात ती पांढरी पडते आणि भोवतालचा उजेड हरवतो. ज्योतीवर नवा Screen थर घेऊन मऊ ब्रशने फिकट नारिंगी वलय देतात, गाभा मात्र पिवळट-पांढराच ठेवतात. तेवढ्यावर थांबल्यास वलय चिकटवल्यासारखे दिसते. पितळेच्या कडेवर आणि खालच्या फरशीवर त्याच रंगाचा उजेड वेगळ्या Soft Light थरावर द्यावा लागतो, आणि तो ज्योतीपासून दूर जाताना झपाट्याने कमी व्हायला हवा. नीट जळणाऱ्या वातीवर धुराची रेघ काढू नये. वात फार वर आली किंवा नुकतीच विझली, तरच तसा धूर निघतो.