कूलरच्या टाकीवरची ती बाटली

एप्रिल लागला की नागपुरात घरोघरी कूलर निघतात आणि टाकीच्या तळाशी गेल्या वर्षीचा पांढरा क्षार दगडासारखा बसलेला असतो. मानेवाड्याच्या आमच्या काकूंनी परवा सकाळी व्हॉट्सॲपवर एका बाटलीचा फोटो पाठवला, खाली लिहिलं, "हे टाकू का गं टाकीत? क्षार निघतच नाहीये." मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते म्हणून असे फोटो येतच असतात, पण हा बघून मी आधी फोन लावला, म्हटलं काकू, झाकण उघडू नका, मी फोटो नीट बघते.

फोटोत लाल किनारीचे, टोकावर उभे केलेले दोन चौकोन दिसत होते. पहिल्यात दोन नळ्यांमधून काहीतरी सांडतंय, एकीकडे हातावर आणि दुसरीकडे एका पट्टीवर, आणि दोन्ही खाली खाल्ल्यासारखे झालेत. काकूंना वाटलं हात धुवायचं चित्र आहे. पण हे आहे जाळणाऱ्या द्रवाचं चिन्ह, आणि यातला हात बघून लोक थांबतात, ती पट्टी कोणी बघत नाही. पट्टी म्हणजे धातू. काकूंचा कूलर जुना, टाकी जस्त चढवलेल्या पत्र्याची, आणि बाटलीत ३० टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड. ते क्षारासोबत जस्तही खातं, बुडबुडे येतात ते नुसते क्षाराचे नसतात, जस्तातून हायड्रोजन निघतो तोही असतो, आणि मग त्याच जागी पत्रा गंजून टाकी गळायला लागते. म्हणजे हे चिन्ह दिसलं की रबरी हातमोजे आणि डोळ्यांना पूर्ण झाकणारा गॉगल तर हवाच (साधा चष्मा चालत नाही, बाजूने उडतं), पण पत्र्याची बादली किंवा टाकीही नको.

दुसऱ्या चौकोनात नुसतं उद्गारचिन्ह. हे बघून "म्हणजे थोडंसंच डेंजर" असं बहुतेकांना वाटतं. इथे एक नियम माहीत असला की चित्र जास्त बोलतं. ज्या बाटलीवर जाळणारं चिन्ह आहे तिथे त्वचा किंवा डोळे चुरचुरण्यासाठी वेगळं उद्गारचिन्ह लावत नाहीत, कारण मोठ्या चिन्हात ते आलंच. मग दोन्ही सोबत दिसले तर उद्गारचिन्ह कशासाठी? दुसऱ्याच कशासाठी तरी, आणि ते कळायला बारीक अक्षरं वाचावी लागतात. फोटोत तिथे फ्लॅशचा पांढरा डाग होता, म्हणून मी काकूंना म्हटलं फ्लॅश बंद करा, खिडकीपाशी बाटली थोडी थोडी फिरवत तीन फोटो काढा. त्यात दिसलं H314 म्हणजे त्वचा भाजते, आणि H335 म्हणजे वाफेने श्वासाला त्रास होतो. तर उद्गारचिन्ह होतं श्वासासाठी. दार-खिडकी उघडी ठेवायची आणि तोंड टाकीत घालून घासायचं नाही, एवढा त्याचा अर्थ.

तिसऱ्या फोटोत मागे एक निळी बाटली आली होती, त्यावर वाळलेलं झाड आणि मेलेला मासा. ते पाण्यातल्या जिवांसाठी, उरलेला माल नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका असं सांगणारं. पण मला धडकी भरली ती वेगळ्याच कारणाने, ती ब्लीचची बाटली होती. विचारलं, "काकू, टाकीत आधी काही टाकलंय का?" तर म्हणाल्या, "काल रात्री वास जावा म्हणून ब्लीच टाकून ठेवलंय ना."

ही गोष्ट कोणत्याच चौकोनात नसते. चित्रं सांगतात एकट्या त्या बाटलीतल्या मालाबद्दल, तो दुसऱ्या मालाला भेटला तर काय होईल ते नाही. ब्लीचमध्ये ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो:

NaOCl + 2HCl → Cl₂ + NaCl + H₂O

क्लोरीन हवेपेक्षा जवळजवळ अडीच पट जड, त्यामुळे तो उडून न जाता टाकीतच साचतो, आणि घासणाऱ्याचं डोकं नेमकं तिथेच वाकलेलं असतं. क्षारासाठी लोक व्हिनेगर किंवा लिंबूसत्व वापरतात, तीसुद्धा ॲसिडंच, ब्लीचसोबत त्यांनीही क्लोरीन सुटतो. स्विमिंग पूलसारखा झणझणीत वास आला, डोळ्यांतून पाणी आलं, खोकला लागला की काही धुवायला थांबायचं नाही, सरळ बाहेर मोकळ्या हवेत जायचं, आणि खोकला किंवा धाप थांबत नसेल तर दवाखाना गाठायचा. ॲसिड डोळ्यात उडालं तर नळाखाली किमान पंधरा मिनिटं डोळा धुवायचा. पोटात गेलं तर उलटी करवायची नाही, वर येताना ते घसा पुन्हा जाळतं.

काकूंनी टाकीचं बूच काढून ब्लीचचं पाणी जाऊ दिलं, चार-पाच वेळा साध्या पाण्याने टाकी धुतली आणि ती दिवसभर उन्हात उघडी ठेवली. दुसऱ्या दिवशी कोमट पाण्यात थोडं लिंबूसत्व घालून क्षारावर फडकं अर्धा तास ठेवलं, मग प्लास्टिकच्या उलथन्याने खरवडलं. सगळा निघाला नाही, कोपऱ्यात पातळ थर राहिलाच, पण पत्रा शाबूत आहे. ॲसिडची बाटली आता वरच्या फळीवर एकटी आहे, मूळ लेबलासकट.