उतारा कुठे लागू पडतो: फवारणीचं विष आणि पॅरासिटामॉल

समजा, काटोलकडचा एक शेतमजूर दिवसभर कपाशीवर मोनोक्रोटोफॉस फवारत होता आणि संध्याकाळी त्याला नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात आणलं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडातून लाळ, छातीत घरघर, नाडी 52, मांड्यांचे स्नायू फडफडताहेत. एवढं दिसल्यावर रक्ततपासणीच्या अहवालासाठी थांबायचं नसतं.

मोनोक्रोटोफॉस हे ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक आहे. चेतातंतूच्या टोकाशी संदेश पोचवणारं ॲसिटाइलकोलिन मोडणाऱ्या एन्झाइमला ते चिकटून बसतं. न मोडलेलं ॲसिटाइलकोलिन साचत जातं. मग ग्रंथी पाझरत राहतात, स्नायू आधी फडफडतात आणि नंतर लुळे पडतात. जीव जातो तो बहुधा श्वास बंद पडून.

म्हणून ऑक्सिजन, कपडे काढून साबणाने अंग धुणं आणि ग्रंथींचं पाझरणं थांबवणारं ॲट्रोपिन एकाच वेळी सुरू होतं. शिरेतून 2 मिलिग्रॅम द्यायचं आणि 5 मिनिटांनी छाती ऐकायची. घरघर कायम असेल तर 4, मग 8, असं दर वेळी दुप्पट. छाती स्वच्छ झाली, नाडी आणि वरचा रक्तदाब दोन्ही 80 च्या वर गेले की दुप्पट करणं थांबवून सलाईनमधून संथ धार ठेवायची. बाहुल्यांवर विसंबू नका, त्या उशिरा मोठ्या होतात. रुग्ण तापला, बरळू लागला, पोटातले आवाज बंद झाले, तर ॲट्रोपिन जास्त झालंय.

पण ॲट्रोपिन लुळ्या स्नायूंपर्यंत पोचत नाही. तिथे एन्झाइमच सोडवावं लागतं आणि ते काम प्रॅलिडॉक्सिमचं. अडचण वेळेची आहे: विषाचा बंध काही काळाने पक्का होतो, मग तो सुटत नाही. मोनोक्रोटोफॉसच्या गटात सुमारे 4 तासांत अर्धं एन्झाइम असं हातचं जातं. क्लोरपायरिफॉसच्या गटात त्याला दीड दिवसाच्या आसपास लागतो. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बारामतीच्या अभ्यासात प्रॅलिडॉक्सिमच्या मोठ्या मात्रेचा फायदा दिसला, श्रीलंकेतल्या 2009 च्या अभ्यासात दिसला नाही. माझ्या मते आपल्या रुग्णाच्या बाबतीत प्रॅलिडॉक्सिमपेक्षा व्हेंटिलेटर वेळेवर मिळणं जास्त मोलाचं.

पॅरासिटामॉलच्या गोळ्या फार जास्त घेतल्या तर चित्र उलटं असतं. पहिल्या दिवशी रुग्णाला फार तर मळमळ होते आणि घरचे त्याला परत न्यायला निघतात. यकृत बहुतेक औषध निरुपद्रवी करून बाहेर टाकतं. थोड्या भागापासून नॅपक्वी हा दाहक पदार्थ बनतो आणि पेशींमधलं ग्लुटाथायोन त्याला निष्प्रभ करतं. मात्रा अफाट झाली की ग्लुटाथायोन संपतं आणि नॅपक्वी यकृताच्या पेशी मारू लागतो. ॲसिटाइलसिस्टीन ग्लुटाथायोनचा साठा भरून काढतं. गोळ्या घेतल्यापासून 8 तासांच्या आत ते सुरू झालं, तर यकृत जवळजवळ नेहमीच वाचतं. घेतल्याला 4 तास झाल्यावर रक्तातली पातळी मोजून निर्णय होतो. 60 किलोच्या माणसाला प्रचलित पद्धतीत पहिल्या तासात 9 ग्रॅम, पुढच्या 4 तासांत 3 आणि नंतरच्या 16 तासांत 6 ग्रॅम जातं. रुग्ण उशिरा आला तरी ते द्यायचंच, आणि यकृताची इजा दाखवणारं एएलटी व रक्त गोठायला लागणारा वेळ दाखवणारा आयएनआर उतरेपर्यंत चालू ठेवायचं.