स्काल्प स्क्रब, स्काल्प सीरम आणि क्लॅरिफाइंग शॅम्पू

तिन्ही डोक्याच्या त्वचेसाठी असले तरी कामं वेगळी आहेत. स्क्रब आणि क्लॅरिफाइंग शॅम्पू काहीतरी काढून टाकतात, सीरम लावून ठेवायचं असतं. त्यामुळे आलटून-पालटून वापरायचे ते स्क्रब आणि क्लॅरिफाइंग शॅम्पू हे दोनच, सीरम आपलं रोज किंवा बाटलीवर लिहिलंय तसं चालू ठेवायचं.

क्लॅरिफाइंग शॅम्पूत मैल काढणारे घटक नेहमीच्या शॅम्पूपेक्षा जोरदार असतात, त्यामुळे तेल, सिलिकॉन, ड्राय शॅम्पू असे साचलेले थर निघतात. बोअरवेलच्या जड पाण्याचे क्षार मात्र प्रत्येक क्लॅरिफाइंग शॅम्पूने जात नाहीत, त्यासाठी ईडीटीएसारखा क्षार धरून ठेवणारा घटक असलेला चेलेटिंग शॅम्पू बघायचा. स्क्रब दोन प्रकारचे, एक मीठ-साखरेच्या दाण्यांचा आणि दुसरा सॅलिसिलिक अ‍ॅसिडवाला, जो मृत त्वचा न घासता सैल करतो. दाणे जाड असतील आणि नखं लावली तर ओरखडे उठतात, म्हणून ओल्या डोक्यावर बोटांच्या टोकांनी मिनिटभर हलकेच, आणि नंतर शॅम्पू.

सीरमच्या बाबतीत आपल्याकडे कायमचा घोळ म्हणजे हेअर सीरम. ते सिलिकॉनचं, केसांच्या लांबीवर लावायचं, ते मुळाशी चोपडलं की डोकं चिकट होतं आणि मग तेच काढायला क्लॅरिफाइंग आणावा लागतो! स्काल्प सीरम पातळ असतं, भांग पाडून थेंब थेंब त्वचेवर लावायचं आणि धुवायचं नाही. मिनॉक्सिडिल हे सीरम नाही, औषध आहे, ते डॉक्टरांना विचारूनच.

आता समजा डोकं तेलकट आहे, शनिवारी रात्री खोबरेल लावायची सवय आहे आणि रविवार, बुधवार, शुक्रवार असे तीनदा केस धुतले जातात. मग पहिल्या रविवारी क्लॅरिफाइंग आणि लांबीला कंडिशनर, तिसऱ्या रविवारी स्क्रब आणि साधा शॅम्पू, बाकी सगळ्या वेळी साधाच शॅम्पू. दोन्ही एकाच दिवशी नकोत. डोकं कोरडं किंवा केस रंगवलेले असतील तर क्लॅरिफाइंग महिन्यातून एकदा खूप झाला, आणि स्क्रब गरज वाटली तरच. धुतल्यावर त्वचा ताणल्यासारखी वाटली, सीरम लावताना चुरचुरलं किंवा बारीक कोरडी पूड पडायला लागली तर जास्त झालंय, दोन-तीन आठवडे दोन्ही बंद.

नखाने खरवडल्यावर मेणचट राखाडी थर आला तर बहुतेक साचलेला मैल असतो, पण पिवळसर तेलकट पापुद्रे आणि खाज असेल तर तो कोंडा असू शकतो. कोंड्यामागे मॅलॅसेझिया नावाची बुरशी असते, ती घासून जात नाही. तिथे केटोकोनाझोल शॅम्पू लागतो, ३ ते ५ मिनिटं ठेवून धुवायचा, आणि रात्रभर तेल ठेवणं थांबवायचं कारण त्यातल्या फॅटी अ‍ॅसिडवर ती पोसते. सोरायसिस, जखम किंवा पुळ्या असलेल्या डोक्याला स्क्रब अजिबात लावू नये.