तीच मजुरी, तीन वेगळी खाती

ताशी 90 रुपये दराने आठ तासांच्या पाळीत लेथवर काम करणाऱ्या कामगाराला दिवसाचे 720 रुपये मिळतात. मात्र फाटकापासून मशीनपर्यंत जाणे, हत्यार बदलणे, मशीन पुसणे यांत रोज अर्धा तास जातोच. ही निष्क्रिय वेळ सामान्य असल्याने तिचा भार उत्पादनावरच टाकावा लागतो. म्हणून 720 रुपयांना साडेसात तासांनी भागून ताशी 96 रुपये हा वाढीव दर धरतात; काही कारखाने त्याऐवजी त्या अर्ध्या तासाची मजुरी अप्रत्यक्ष खर्चात, म्हणजे कोणत्याही एका कामाला थेट न जोडता येणाऱ्या खर्चात घेतात.

आता त्याच पाळीत मुख्य ट्रान्सफॉर्मर बिघडून एक तास वीज गेली असे समजू. हा तास असाधारण आहे. त्याचे 96 रुपये कोणत्याही जॉबवर, म्हणजे ग्राहकाच्या कोणत्याही ठरावीक कामावर न घालता परिव्यय नफा-तोटा खात्यात नेतात, आणि उरलेल्या साडेसहा तासांचे 624 रुपये जॉबवर येतात. तसे न केल्यास बिघाडाचा दोष वस्तूच्या किमतीत मुरतो आणि पुढच्या निविदेत तीच फुगलेली किंमत आधार ठरते.

राहिलेले काम पुरे करण्यासाठी तो कामगार दोन तास जादा थांबला. आठवड्याचे 48 तास आधीच ठरलेले असल्यामुळे 1948 च्या कारखाना कायद्यापासून चालत आलेल्या नियमाप्रमाणे त्याला दुप्पट दराने 360 रुपये मिळतात. त्यांपैकी 180 रुपये साधी मजुरी असून ती जॉबवरच जाते. वाद असतो तो वरच्या 180 रुपयांच्या अधिभाराचा. ग्राहकाने घाई केली असेल तर तो त्या जॉबवर घालावा, कामाचा सर्वसाधारण ताण असेल तर अप्रत्यक्ष खर्चात धरावा आणि इथल्यासारखे वीज जाणे हेच कारण असेल तर नफा-तोटा खात्यात टाकावा. संध्याकाळी सहानंतर जो जॉब मशीनवर असेल त्याच्यावर अधिभार लादण्याची सवय मला अन्यायाची वाटते, कारण तो जॉब त्या वेळी आला तो केवळ कामाच्या क्रमामुळे.

कामगार सोडून जाण्याचा खर्च यापेक्षा अवघड, कारण तो जॉब कार्डावर दिसतच नाही. भरती आणि प्रशिक्षण यांचा खर्च अप्रत्यक्ष खर्चात सहज सापडतो. पण जुना कामगार पाळीत 30 नग काढत होता आणि नवा पहिले काही आठवडे 20 च काढतो, तेव्हा उरलेल्या दहांसाठी ओव्हरटाइम लागतो आणि पर्यवेक्षक कारणाच्या रकान्यात ‘कामाचा ताण’ असे लिहून मोकळा होतो. हे ओळखायचे असेल तर ओव्हरटाइमच्या नोंदी त्या विभागातल्या नव्या भरतीच्या तारखांशी ताडून पाहाव्यात आणि नव्या कामगारांच्या मशीनवरचा टाकाऊ माल वेगळा मोजावा. विभागातल्या वागणुकीमुळे किंवा कामाच्या परिस्थितीमुळे माणसे जात असतील, तर गेलेल्या माणसाच्या जागी नवा आणण्याचा हा सगळा खर्च त्याच विभागाच्या अप्रत्यक्ष खर्चात दाखवावी. माणसे जाऊ नयेत म्हणून केलेल्या कँटीन किंवा दवाखाना यांसारख्या प्रतिबंधक सोयींचा खर्च मात्र सगळ्या विभागांत कामगारसंख्येच्या प्रमाणात वाटावा.