अग्निरोधक भराव

इमारतीच्या स्लॅबमधून किंवा भिंतीतून पाइप व केबल आरपार नेताना त्यांच्याभोवती उरणारी फट, आगीतही ठरावीक काळ बंद राहील अशा रीतीने भरणे म्हणजे अग्निरोधक भराव. बांधकामाच्या व्यवहारात यास ‘फायर स्टॉपिंग’ म्हणतात. निवासी इमारतीत प्रत्येक सदनिका हा आगीपुरता स्वतंत्र कप्पा मानला जातो. या कप्प्याला दोन प्रकारची भोके असतात. पाइप-केबलींची भोके भरावाने बुजवतात, तर माणसांच्या येण्याजाण्याच्या भोकाला अग्निरोधक दरवाजा बसवतात. म्हणून दोहोंचा विचार एकत्र करणे इष्ट.

या शास्त्राचा आरंभ अमेरिकेतील ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्राच्या आगीपासून (२२ मार्च १९७५) झाला, असे बऱ्याच ठिकाणी म्हटले जाते. नियंत्रण कक्षाखालच्या खोलीत, केबली जेथे भिंतीतून जात तेथून हवा गळते का, हे कामगार मेणबत्तीच्या ज्योतीने पाहत होते. हवेच्या ओढीने ज्योत फटीत खेचली गेली आणि भरावातील पॉलियुरेथेन फोमने पेट घेतला. आग सुमारे सात तास चालली व १,६००हून अधिक केबलींची हानी झाली. तथापि तेथे भराव आधीपासूनच होता, हे विसरता येत नाही. तो हवा अडवत होता, पण स्वतः जळणारा होता. त्यामुळे ही घटना भरावाच्या नव्हे, तर भराव भट्टीत तपासूनच स्वीकारण्याच्या पद्धतीच्या मुळाशी आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अशा स्वतंत्र चाचणीची अमेरिकी मानके साधारणपणे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून रूढ झालेली दिसतात.

भराव कोणता वापरायचा, हे फटीच्या आकाराइतकेच आतून काय जाते यावर ठरते. समजा, १५० मिमी जाडीच्या स्लॅबला कोअर कटिंगने १६० मिमी व्यासाचे गोल भोक पाडून त्यातून ११० मिमीचा पीव्हीसी पाइप खाली नेला. भोवती २५ मिमीची फट राहते. ती सिमेंट मसाल्याने गच्च भरली की काम उत्तम दिसते. पण पीव्हीसी सुमारे ८० अंश सेल्सिअसलाच मऊ पडू लागते, आणि प्रमाणित चाचणीतील भट्टी अर्ध्या तासात ८४० अंशांच्या आसपास पोहोचते. मसाला जागच्या जागी राहतो, पाइप मात्र गळून पडतो. वरच्या सदनिकेत उघडणारे ११० मिमीचे धुरांडे तयार होते. हे भोक आगीनेच पाडलेले असते, त्यामुळे आधी कितीही पाहणी केली तरी ते दिसत नाही.

यावर उपाय म्हणून पाइपभोवती धातूची कॉलर बसवतात. तिच्यातील ग्रॅफाइटयुक्त पट्टी साधारण २०० अंशांना फुगू लागते आणि मऊ पडलेला पाइप चहूबाजूंनी दाबून भोक बंद करते. आग खालून येते, म्हणून कॉलर स्लॅबच्या खालच्या अंगाला लागते. भिंतीत ती दोन्ही अंगांना लावावी लागते. ती प्लास्टिकच्या गिट्ट्यांत स्क्रू पिळून बसवली असेल, तर गिट्ट्या वितळतात व कॉलर खाली येते. तेथे धातूचेच अँकर हवेत. लोखंडी पाइप वितळत नाही, पण उष्णता पलीकडे नेतो. म्हणून ज्वाळा किती वेळ अडली आणि पलीकडची बाजू किती वेळ थंड राहिली, ही दोन मापे वेगळी नोंदवतात.

केबलींचे भोक बहुधा पहिल्या कामात नव्हे, तर नंतर नवी तार ओढताना बिघडते. भराव कोरला जातो आणि तसाच सोडला जातो, किंवा डबीतला साधा फोम मारला जातो. केबली ज्या उभ्या पोकळीतून मजल्यामजल्यांवर जातात त्या शाफ्टचे दार उघडून टॉर्च मारली की हे कळते. भरावाशेजारी त्याचा प्रकार व तारीख सांगणारी पट्टी नसेल, तर तो तपासलेला भराव आहे असे मानू नये.

दरवाजाचे तत्त्व हेच आहे. पल्ला व चौकट यांत सुमारे ३ मिमी फट ठेवतात. कडेच्या खाचेतील पट्टी आगीत फुगून ती बुजवते. मात्र पट्टी फुगण्याआधीचा, तुलनेने थंड धूर त्याच फटीतून जातो, म्हणून ब्रश किंवा रबराची धूरपट्टी वेगळी लागते. आणि उघडा दरवाजा काहीच अडवत नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील ट्विन पार्क्स इमारतीत ९ जानेवारी २०२२ रोजी खालच्या मजल्यांवरील एका सदनिकेला आग लागली. ज्वाळा ती सदनिका व लगतच्या मार्गिकेपलीकडे फारशा गेल्या नाहीत. पण सदनिकेचे दार आपोआप मिटले नाही, वर पंधराव्या मजल्यावरील जिन्याचे दारही उघडे होते, आणि जिना धुराने भरला. १७ माणसे गेली, ती धुराने. दार आग किती मिनिटे अडवते, याआधी ते स्वतःहून मिटते का हे पाहणे म्हणूनच योग्य. पल्ला हातभर उघडून सोडावा; दार आपोआप मिटवणाऱ्या क्लोजरने तो ओढून कडी खाचेत बसवली पाहिजे. कडीपाशी अडून राहणारा पल्ला आगीच्या दाबाने पुन्हा उघडू शकतो.