सोलापूरचा मे महिना आणि बॉक्स प्लॉटची दोन उत्तरे

सोलापुरातल्या मे महिन्यातील ११ दिवसांचे कमाल तापमान वर्गात उदाहरणासाठी घेतले, असे समजू. आकडे चढत्या क्रमाने लावले: ३६, ३९, ४०, ४१, ४१, ४२, ४२, ४२, ४३, ४३, ४४. ३६ अंश हा वळवाचा पाऊस दुपारीच कोसळला त्या दिवसाचा आकडा. दोन विद्यार्थी याच आकड्यांवरून आलेख कागदावर बॉक्स प्लॉट काढतात, म्हणजे आकड्यांचा पसरट दाखवणारी चौकट आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या रेघा. एकाच्या चित्रात ३६ हा वेगळा ठिपका पडतो, दुसऱ्याच्या चित्रात पडत नाही, आणि दोघांचेही गणित बरोबर असते. असे का होते, हे या चित्राच्या इतिहासात सापडते.

क्रमाने लावलेल्या आकड्यांचे चार सारखे भाग पाडणाऱ्या चतुर्थकांची कल्पना एकोणिसाव्या शतकातली. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांच्या लिखाणातून मध्यक, म्हणजे क्रमातला मधला आकडा, आणि चतुर्थके रुळली. चित्र मात्र बरेच उशिरा आले. मेरी एलिनॉर स्पिअर यांनी १९५२ साली ‘रेंज बार’ छापला. सर्वांत लहान ते सर्वांत मोठ्या आकड्यापर्यंत एक रेघ आणि मधल्या निम्म्या आकड्यांवर जाड पट्टी, अशी त्याची रचना होती. आजचा बॉक्स प्लॉट त्यात जवळजवळ पूर्ण दिसतो, तरी श्रेय देताना स्पिअर यांचे नाव बहुतेक वेळा गळते. ते गळू नये.

अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांनी १९७० च्या सुमारास या चित्राला आजचे रूप दिले आणि १९७७ च्या पुस्तकातून ते सर्वदूर गेले. त्यांचे तंत्र कागद-पेन्सिलीसाठी होते, म्हणून नियमही मोजता येतील असे आहेत. ११ आकड्यांत मध्यक सहावा, म्हणजे ४२. सहात एक मिळवून निम्मे केले की साडेतीन. दोन्ही टोकांकडून तिसऱ्या आणि चौथ्या आकड्यांची सरासरी घ्यायची. खालून ४० आणि ४१ यांची ४०.५, वरून ४३ आणि ४२ यांची ४२.५. टुकी यांनी या दोन जागांना ‘हिंज’ म्हटले. इथे मधला आकडा दोन्ही अर्ध्यांत धरला जातो, हे लक्षात ठेवावे. पाच आकड्यांचा सारांश झाला: ३६, ४०.५, ४२, ४२.५, ४४.

आता आलेख कागदावर १ सेंटिमीटरला १ अंश असे प्रमाण घ्या. ४०.५ पासून ४२.५ पर्यंत २ सेंटिमीटरची चौकट येते, ४२ वर उभी रेघ. रेघ चौकटीच्या मधोमध नाही, उजवीकडे सरकलेली आहे. मधल्या आकड्यांपैकी खालची बाजू जास्त पसरलेली आहे, हे चौकटीतच दिसते.

साध्या रूपात चौकटीबाहेरच्या रेघा, म्हणजे व्हिस्कर, थेट ३६ आणि ४४ पर्यंत जातात, आणि त्यासाठी पाच आकडे पुरतात. ठिपक्यांचे रूपही टुकी यांचेच, पण त्यात एक पायरी वाढते. चौकटीच्या लांबीची दीडपट, म्हणजे ३ अंश, हिंजच्या बाहेर मोजायचे; ही हद्द म्हणजे कुंपण, त्यापलीकडची नोंद ठिपक्याने दाखवायची. खालचे कुंपण ३७.५ वर, वरचे ४५.५ वर. घंटाकृती वितरणात अशा कुंपणांबाहेर हजारात साधारण सातच नोंदी पडतात. आपल्याकडे ३६ बाहेर पडतो, म्हणून तिथे ठिपका. व्हिस्कर मात्र ३७.५ पर्यंत ओढायचा नाही. कुंपणाच्या आतली शेवटची खरी नोंद ३९ आहे, तो तिथेच थांबतो. व्हिस्कर कुंपणापर्यंत ओढणे ही वह्यांत हमखास दिसणारी चूक. व्हिस्करच्या टोकाशी यादीतला आकडा आहे का, हे पाहिले की ती लगेच कळते. हा ३९ पाच आकड्यांच्या सारांशात कुठेच नाही. म्हणून ठिपक्यांचे चित्र काढायचे तर मूळ यादी जवळ हवीच.

दुसऱ्या विद्यार्थ्याने मधला ४२ दोन्ही अर्ध्यांतून वगळला. अनेक पाठ्यपुस्तकांत हीच रीत आहे. खाली ३६, ३९, ४०, ४१, ४१ उरले, त्यांचा मध्यक ४०. वरच्या पाचांचा ४३. चौकट ३ अंशांची झाली, तिची दीडपट ४.५, आणि खालचे कुंपण ३५.५ वर गेले. वळवाचा ३६ आत आला. दोन्ही चतुर्थके अर्ध्या अंशाने सरकली आणि तेवढ्याने कुंपण दोन अंश सरकले.

संगणक आल्यावर हा फरक मिटला नाही, उलट वाढला. १९९६ मध्ये हाइंडमन आणि फॅन यांनी निरनिराळ्या सॉफ्टवेअरमधल्या व्याख्या तपासल्या, तेव्हा नऊ प्रकार नोंदले. आपल्या ११ आकड्यांवर एक्सेलचे QUARTILE.INC ४०.५ देते, QUARTILE.EXC ४० देते. एक्सेलचा बॉक्स प्लॉट मुळात मध्यक वगळून चालतो, म्हणून त्यात ठिपका येत नाही. आर या सॉफ्टवेअरमधली boxplot आज्ञा टुकींचे हिंज वापरते आणि ३६ वर ठिपका टाकते. हाती काढलेल्या चित्राखाली ‘मध्यक दोन्ही अर्ध्यांत धरला’ किंवा ‘वगळला’ एवढी एक ओळ लिहिली, तर तपासणाऱ्याला कुंपण कुठून आले ते कळते. आकडे शेकड्यांनी असले तर हा फरक सहसा रेघेच्या जाडीत हरवतो, अकरा असले तर नाही.