सोनामुखीची भीती कुठून आली: तीन रेचकांची पार्श्वभूमी

बद्धकोष्ठतेवर वर्षानुवर्षे औषध घेणाऱ्या वयस्कर माणसाला एक सल्ला हमखास मिळतो: सोनामुखी रोज घेऊ नका, आतड्यांना सवय लागते आणि ती कायमची निकामी होतात. लॅक्ट्युलोजचे सिरप मात्र सौम्य म्हणून बिनधास्त चालू राहते. इसबगोलाला तर कोणी औषधही म्हणत नाही, ते कितीही आणि कुणालाही दिले जाते. तिन्ही रेचकांची ही प्रतवारी इतकी रुजली आहे की ती तपासून पाहिलेली असणार असेच आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती गेल्या शतकातल्या काही समजुती, काही क्ष-किरण चित्रे आणि एका गाजलेल्या संशोधनातून तयार झाली. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत तिचा फायद्यापेक्षा तोटाच जास्त झाला, असे माझे मत आहे.

सुरुवात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत होते. मळ आतड्यात साठून राहिला की त्यातले विष रक्तात भिनते आणि डोकेदुखीपासून अकाली वार्धक्यापर्यंत सगळे त्यातूनच उद्भवते, असे तेव्हाचे मोठमोठे डॉक्टर मानत. लंडनचे नामवंत शल्यचिकित्सक आर्बथनॉट लेन तर बद्धकोष्ठतेसाठी रुग्णांचे मोठे आतडेच काढून टाकत. पोट रोज साफ झालेच पाहिजे ही धास्ती त्या काळात घराघरांत पोहोचली आणि जुलाबाच्या औषधांचा खप वाढला. 1919 मध्ये अमेरिकी वैद्य वॉल्टर अल्व्हारेझ यांनी या कल्पनेला आव्हान दिले. शौचाला झाल्यावर काही मिनिटांतच बरे वाटते, पण रक्तातले विष इतक्या लवकर उतरणे शक्य नाही, असा त्यांचा मुद्दा होता. म्हणजे त्रास विषाचा नाही, गुदाशय ताणला गेल्याचा आहे. पुढे काही निरोगी माणसांच्या गुदाशयात कापूस भरून पाहिले, तेव्हा तशीच डोकेदुखी आणि बेचैनी झाली, आणि कापूस काढताच ती गेली. गुदाशयाकडे बोट दाखवणारा हा मुद्दा नंतर मागे पडला, पण वयस्करांच्या बद्धकोष्ठतेत आजही तोच सर्वांत उपयोगी आहे.

सोनामुखी अरब वैद्यांच्या काळापासून वापरात आहे. अडचण एकच होती. पाने आणि शेंगा यांची पूड प्रत्येक वेळी सारख्या ताकदीची नसे, त्यामुळे कधी काहीच होत नसे, तर कधी पोटात मुरडा येऊन पाण्यासारखे जुलाब होत. 1941 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आर्थर स्टोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यातले मुख्य घटक, सेन्नोसाइड, वेगळे केले आणि मोजून डोस देणे शक्य झाले. हे घटक लहान आतड्यात जवळजवळ तसेच राहतात. मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर तिथले जिवाणू त्यांचे क्रियाशील रूपात रूपांतर करतात, आणि मग आतड्याची हालचाल वाढते व पाणी शोषले जाणे कमी होते. याला सहा ते बारा तास लागतात, म्हणून गोळी रात्री घ्यायची.

नेमक्या त्याच सुमारास भीतीचा पाया घातला गेला. 1943 मध्ये काही क्ष-किरण अहवालांत, अनेक वर्षे जुलाब घेणाऱ्या रुग्णांचे मोठे आतडे घड्या नसलेले, सैल, नळीसारखे दिसल्याचे नोंदवले गेले. मग 1968 मध्ये बार्बरा स्मिथ यांनी अशा रुग्णांच्या आतड्यांतल्या मज्जापेशी खराब झालेल्या दाखवल्या, आणि सोनामुखी दिलेल्या उंदरांतही तसे बदल आढळल्याचे सांगितले. निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत गेला आणि तिथेच राहिला. पण त्या रुग्णांची बद्धकोष्ठता आधीपासूनच अतितीव्र होती, ते एकाच वेळी अनेक प्रकारचे जुलाब घेत होते, आणि त्यांतली पोडोफायलिनसारखी काही जहाल द्रव्ये पुढे वापरातून गेली. मज्जापेशींचा बिघाड हे औषधाचे फळ होते की मुळात बद्धकोष्ठतेचेच कारण होते, हे त्या पाहणीतून कळण्याची सोयच नव्हती. 1989 मध्ये उंदीर-घुशींना दीर्घकाळ सेन्नोसाइड देऊन पेशी मोजल्या गेल्या, तेव्हा त्या कमी झालेल्या आढळल्या नाहीत. 2005 मध्ये म्युलर-लिसनर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध पुरावा एकत्र मांडून सांगितले की, नेहमीच्या डोसमध्ये अशी रेचके आतड्याच्या मज्जातंतूंना इजा करतात याला आधार नाही. मात्र हे नेहमीच्या डोसपुरतेच आहे, मनाला येईल तेवढ्या गोळ्यांना ते लागू नाही.

दुर्बिणीने तपासताना आतड्याचे अस्तर काळपट तपकिरी दिसते, तेही रुग्णाला घाबरवते. काही महिने सोनामुखी घेणाऱ्यांत हा रंग येतो, औषध थांबवल्यावर हळूहळू जातो, आणि त्यामुळे आतड्याचे काम बिघडत नाही.

सोनामुखी बदनाम होत असताना दुसरे दोन पर्याय पुढे आले. लॅक्ट्युलोज ही प्रयोगशाळेत 1930 मध्ये बनवलेली साखर आहे. 1957 मध्ये ऑस्ट्रियाच्या पेट्युएली यांनी तान्ह्या मुलांच्या आतड्यातले उपयुक्त जिवाणू तिच्यामुळे वाढतात असे दाखवले, आणि लवकरच ती रेचक म्हणूनही वापरात आली. 1966 मध्ये यकृताच्या आजारात मेंदूवर होणाऱ्या परिणामासाठी ती उपयोगी ठरली, आणि तिची प्रतिष्ठा खरी तिथे वाढली. माणूस ही साखर पचवू शकत नाही. ती मोठ्या आतड्यात जाते, जिवाणू तिचे आम्ल आणि वायू करतात, पाणी धरून राहते आणि मळ मऊ होतो. परिणामाला एक ते दोन दिवस, कधी त्याहूनही जास्त लागतात. म्हणून ‘गरज पडली की एक झाकण’ ही पद्धत तिच्या बाबतीत फसते: आज घेतलेल्या औषधाचा परिणाम परवा दिसतो, तोवर घेणारा ते निरुपयोगी ठरवून मोकळा झालेला असतो.

इसबगोलासारख्या चोथ्याची लाट 1972 नंतरची. युगांडात काम केलेल्या डेनिस बर्किट यांनी सहकाऱ्यांसह दाखवले की ग्रामीण आफ्रिकेतल्या लोकांचा मळ पाश्चात्त्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि पोटातून कितीतरी लवकर बाहेर पडतो. तिथून चोथा हा बद्धकोष्ठतेचा पहिला आणि पुरेसा इलाज झाला. धडधाकट माणसासाठी ते बरोबरच होते. मर्यादा कुठे आहे हे 1997 च्या एका जर्मन अभ्यासातून दिसले. 149 रुग्णांना इसबगोलाच्या जातीचा चोथा रोज 15 ते 30 ग्रॅम, निदान सहा आठवडे दिला गेला. तपासणीत कोणताही बिघाड न सापडलेल्यांपैकी 85 टक्क्यांना फायदा झाला. पण ज्यांच्या आतड्याची गतीच मंद होती त्यांच्यापैकी 80 टक्क्यांना, आणि ज्यांना मळ बाहेर ढकलण्यातच अडचण होती त्यांच्यापैकी 63 टक्क्यांना काहीच फरक पडला नाही. अंथरुणाला खिळलेला, पाणी कमी पिणारा, अफूवर्गीय वेदनाशामके घेणारा वृद्ध बहुधा याच दोन गटांत मोडतो. त्याच्या पोटात चोथा पाणी पिऊन फुगतो आणि पुढे सरकत नाही.

तिघांची वृद्धांमध्येच गाठ घालणारा एक अभ्यास 1993 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. रुग्णालयात किंवा शुश्रूषागृहात कायम राहणाऱ्या 77 वृद्धांना दोन आठवडे लॅक्ट्युलोज 15 मिली दिवसातून दोनदा, आणि दोन आठवडे सोनामुखी व चोथा यांचे मिश्रण 10 मिली रोज दिले गेले. मिश्रणावर शौचाला दिवसाला सरासरी 0.8 वेळा झाले, लॅक्ट्युलोजवर 0.6 वेळा. मळही मिश्रणावर जास्त बरा आणि सहज होत होता, शिवाय खर्चही कमी होता. सोनामुखी आणि चोथा एकत्रच होते, त्यामुळे श्रेय कोणाचे किती हे त्यावरून सांगता येत नाही. पण लॅक्ट्युलोज आपोआप श्रेष्ठ ठरत नाही, एवढे त्यातून स्पष्ट झाले.

हे सगळे एका रुग्णात कसे दिसते ते पाहू. समजा 79 वर्षांच्या आजी आहेत. पाठदुखीसाठी कोडीनची गोळी, रक्तासाठी लोह, झोपेसाठी अॅमिट्रिप्टिलीन. तिन्ही औषधे मळ घट्ट करणारी किंवा आतडे मंदावणारी. घरचे रोज दोन चमचे इसबगोल देतात, आणि चार दिवस झाले नाही की लॅक्ट्युलोजचे एक झाकण. पोट फुगते, कुंथून खड्यासारखा थोडासा मळ पडतो. मग अचानक आठवडाभर कपडे खराब होऊ लागतात, पातळ पाणी गळते. घरच्यांना वाटते जुलाब लागले, म्हणून सगळी रेचके बंद आणि वर जुलाब थांबवणारी गोळी सुरू. इथे चूक जुनीच आहे: गुदाशय कोणी तपासलेला नाही. बोटाने तपासले तर आत दगडासारखा गोळा लागतो, आणि त्याच्या कडेने वरचा पातळ मळ झिरपतो.

अशा वेळी आधी तो गोळा काढायचा. गुदवाटे ग्लिसरीन किंवा बिसाकोडिलची वडी, गरज पडल्यास एनिमा, किंवा डॉक्टरच्या देखरेखीखाली पॉलिइथिलीन ग्लायकॉल या रेचकाचे मोठे डोस काही दिवस. मूत्रपिंड कमजोर असेल तर फॉस्फेटचा एनिमा टाळायचा, कारण त्याने वृद्धांमध्ये क्षारांचे गंभीर असंतुलन होऊ शकते. इसबगोल पूर्ण बंद. मार्ग मोकळा झाल्यावर लॅक्ट्युलोज 15 मिली दिवसातून दोनदा, नेमाने, आणि कोडीन चालू असेपर्यंत रात्री सोनामुखीच्या दोन गोळ्या, म्हणजे सुमारे 15 मिलिग्रॅम सेन्नोसाइड. सकाळच्या खाण्यानंतर आतडे आपसूक जागे होते, त्याच वेळी पायाखाली पाट ठेवून बसवायचे. डोस रोज बदलायचा नाही, तीन दिवस थांबून मगच वाढवायचा. मुरडा येऊ लागला किंवा मळ पाण्यासारखा झाला तर सोनामुखी कमी करायची. वायूने पोट तट्ट फुगले तर लॅक्ट्युलोज कमी करायचे. लघवी वाढवणारी औषधेही चालू असतील तर रक्तातले पोटॅशियम तपासून घ्यायचे. आणि या वयात शौचाची सवय नव्यानेच बदलली असेल, रक्त पडत असेल, वजन किंवा हिमोग्लोबिन उतरत असेल, तर रेचकाआधी कारण शोधायचे.

2023 मध्ये अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी मिळून काढलेल्या मार्गदर्शिकेत सोनामुखीला जागा मिळाली, पण सशर्त. तिच्या चाचण्या साधारण चार आठवड्यांच्याच आहेत. म्हणून वर्षभर चाललेल्या गोळीचा दर काही महिन्यांनी फेरविचार व्हावा: आजींचे कोडीन बंद झाले असेल तर आधी दोनाची एक, दोन आठवडे निभले तर एकाआड एक दिवस, आणि मळ पुन्हा घट्ट होऊ लागला तर मागच्या डोसवर परत.